नव्या शाखेचं कॅप्शन : काय करावे, काय टाळावे

कोल्हापुरात राजारामपुरीत चांगलं चाललेलं मटण थाळीचं एक हॉटेल पुण्यात कोथरूडला दुसरी शाखा काढतंय, असं धरून चालू. साठ माणसं बसतील एवढी जागा आहे, पूजा दसऱ्याला उरकायची आहे आणि मालकांनी पुतण्याला फर्मावलंय, "इन्स्टाग्रामवर एक झकास काहीतरी टाक रे." पुतण्या झकास लिहायला बसतो आणि कॅप्शन तिथंच बिघडतं. कारण हे कॅप्शन म्हणजे गिऱ्हाइकाला दिलेला शब्द असतो, आणि तो पाळायचा असतो किचनला आणि फोन उचलणाऱ्या पोराला. म्हणून लिहिण्याआधी त्या दोघांना विचारून घ्यावं. काय काय विचारायचं आणि काय लिहायचं ते एकेक करून सांगतो.

तारीख ठरल्याशिवाय तारीख लिहू नका. गॅसची जोडणी, धुराड्याचं काम, अन्न परवाना यांतलं एक जरी लटकलेलं असेल, तरी "लवकरच, कोथरूडला" एवढ्यावर थांबा. परवाना प्रत्येक जागेचा वेगळा लागतो. राजारामपुरीच्या परवान्यावर कोथरूडची चूल पेटवता येत नाही. जाहीर केलेली तारीख पुढे ढकलली की पहिल्या पोस्टचे स्क्रीनशॉट आठवडाभर फिरत राहतात आणि बंद शटरसमोर माणसं येऊन उभी राहतात.

पूजेचा दिवस आणि गिऱ्हाइकाचा दिवस वेगळे ठेवा. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया हे मुहूर्त पूजेला छान आहेत, पण त्या दिवशी घरोघरी पुरणपोळी नाहीतर श्रीखंड असतं. मटण खायला कोण येणार? मांसाहारी हॉटेलला बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे हक्काचे वार. दसऱ्याला पूजा करा, मधले दिवस घरच्यांना आणि शेजारच्या दुकानदारांना जेवायला बोलावून किचनची रंगीत तालीम घ्या आणि शुक्रवारी दार उघडा. कॅप्शनमध्ये मात्र फक्त शुक्रवारच येऊ द्या. पूजेची तारीखही लिहिली तर निम्मे लोक त्याच दिवशी येतात आणि तीर्थप्रसाद घेऊन परत जातात.

पहिल्या ओळीत गाव, वार, तारीख. इन्स्टाग्राम पूर्ण कॅप्शन दाखवत नाही. साधारण सव्वाशे वर्णचिन्हं झाली की "more" येतं आणि पुढचं झाकलं जातं. देवनागरीत ही मर्यादा आणखी लवकर गाठली जाते, कारण काना, मात्रा, उकार आणि जोडाक्षरातलं हलन्त चिन्ह यांतलं प्रत्येक वेगळं मोजलं जातं. "शुक्रवार" हा शब्द डोळ्याला चार अक्षरांचा दिसतो, यंत्राच्या लेखी तो आठ चिन्हांचा. म्हणजे "समस्त खवय्यांना कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की" एवढं लिहीपर्यंत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जागा संपते आणि वाचणाऱ्याला अजून गावसुद्धा कळलेलं नसतं. "कोथरूडला आलो. शुक्रवार, 23 ऑक्टोबर, दुपारी 12 पासून." ही ओळ पन्नासेक चिन्हांत बसते. कोणी "more" वर बोट नाही ठेवलं, तरी मुद्द्याचं त्याला कळलेलं असतं.

"उद्यापासून", "येत्या रविवारी" टाळा. पोस्ट टाकल्या दिवशीच सगळ्यांना दिसत नाही. कोणाला ती तीन दिवसांनी समोर येते, कोणाला आत्या आठवड्यानं फॉरवर्ड करते. वार आणि तारीख दोन्ही लिहा. एक चुकलं तर दुसऱ्यावरून लोक विचारतात तरी. दोन्ही कॅलेंडरशी ताडून पाहा, कारण वाराला तारीख न जुळणं ही या कॅप्शनमधली सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे.

जुनी शाखा सुरू आहे हे सांगा. हे वाक्य बहुतेक जण विसरतात. "आम्ही आता कोथरूडला!" असं लिहिलं की कोल्हापूरचं नेहमीचं गिऱ्हाईक समजतं, हॉटेल हललं. त्यातून "आमची कोठेही शाखा नाही" ही पाटी पिढ्यान् पिढ्या अभिमानानं वाचत आलेला आपला मराठी माणूस. शाखा म्हटलं की त्याच्या मनात पहिली शंका येते की चव तीच राहील का. तेव्हा एक ओळ जुन्या जागेसाठी ठेवा आणि एक चवीसाठी. चवीची ओळ मात्र तपासता येण्यासारखी असावी. "तीच अस्सल चव" यातून काहीच कळत नाही. "कांदा-लसूण मसाला कोल्हापूरहूनच येतो, आचारी राजारामपुरीतलेच" यातून कळतं, अर्थात ते खरं असेल तर. पाण्यामुळे रस्सा बदलतो की नाही हा वाद कॅप्शनमध्ये काढू नका. तो गिऱ्हाईक स्वतःहून काढतंच.

टाळायचे शब्द. भव्य शुभारंभ, खवय्यांसाठी पर्वणी, जिभेचे चोचले, चवीचा खजिना, एकदा अवश्य भेट द्या, आपली उपस्थिती प्रार्थनीय. यांतला कुठलाही शब्द काढून पाहा, माहिती तसूभरही कमी होत नाही.

पत्ता पायी चालून लिहा. "पौड रोड, कोथरूड" हा पत्ता नव्हे, तो मैलोगणती लांब रस्ता आहे. जवळचं मेट्रो स्टेशन, इमारतीचं नाव, कुठला मजला, एवढं हवं. आमच्या उदाहरणातल्या हॉटेलला आयडियल कॉलनी स्टेशन जवळ पडतं. तिथून स्वतः चालत या, किती मिनिटं लागतात ते घड्याळात बघा आणि तेवढीच लिहा. गाडी लावायची सोय नसेल तर तेही लिहा. पुण्यात चारचाकी काढून सहा जण आले आणि जागाच मिळाली नाही, तर त्यांचा राग पार्किंगवर असतो आणि तारे कमी होतात तुमच्या मटणाचे.

गूगल मॅप्सवर नव्या शाखेची वेगळी नोंद करा. जुन्या नोंदीचाच पत्ता बदलायचा मोह होतो, कारण तिथं शेकडो चांगले अभिप्राय आयते जमलेले असतात. पण तसं केलं की कोल्हापूरची शाखा नकाशावरून गायब होते आणि तिकडचं गिऱ्हाईक भलतीकडे भटकतं. नव्या नोंदीची खातरजमा व्हायला दिवस जातात, म्हणून हे काम कॅप्शनच्या बरंच आधी सुरू करा. उघडण्याची पुढची तारीखही त्या नोंदीत आधीच घालून ठेवता येते.

वेळ किचनची लिहा, शटरची नको. "सकाळी 11 ते रात्री 11" हे दिसायला भरगच्च दिसतं, पण थाळीचं हॉटेल असं सलग चालत नाही. साडेतीन ते सात भांडी, फरशी, संध्याकाळचं वाटण आणि पोरांची जेवणं. या वेळात आलेल्या माणसाला शटर अर्धं उघडं दिसतं आणि "सात वाजता या" हे ऐकावं लागतं. त्यामुळे दुपार आणि रात्र वेगळी लिहा आणि प्रत्येकीची शेवटची ऑर्डर किती वाजता ते सांगा. मटण पातेल्यानं शिजतं. ऐनवेळी चार थाळ्यांसाठी नवं पातेलं चढत नाही, म्हणून शेवटच्या ऑर्डरची वेळ आचाऱ्याला विचारून ठरवा. "दुपारी", "संध्याकाळी", "रात्री" हे शब्द आकड्यांआधी लिहा. नुसतं "12 ते 3.30, 7 ते 10.45" वाचून कोणी सकाळी सातला मिसळ मागायला येणारच नाही असं नाही. साप्ताहिक सुट्टी त्याच ओळीत द्या. गूगलवर आणि कॅप्शनमध्ये एकच वेळ असू द्या. दोन वेगळ्या दिसल्या की लोक दोन्हींवर विश्वास ठेवत नाहीत, फोन करतात, आणि फोन तर आधीच घणघणत असतो.

ऑफर लिहिण्याआधी एका थाळीचा हिशेब मांडा. इथं जरा थांबून बघू, कारण पैसे इथंच जातात. समजा मटण थाळी 400 रुपयांची आहे आणि तिच्यात कच्चा माल 160 रुपयांचा जातो. उरतात 240, त्यातून भाडं, पगार, गॅस, वीज. आता "उद्घाटनानिमित्त 20 टक्के सूट" दिली की गिऱ्हाईक 320 देतं, माल 160 चाच राहतो आणि हाती 160 येतात. म्हणजे सूट पाटीवर पाचव्या हिश्श्याची दिसते, तुमच्या हातून मात्र तिसरा हिस्सा गेलेला असतो. "एका थाळीवर एक मोफत" तर याहून कठीण. 400 मिळाले, दोन थाळ्यांचा माल 320 चा, उरले 80. थाळीमागे चाळीस रुपये. त्यातून गर्दी दुप्पट, नवी पोरं गोंधळलेली, आणि अशा दिवशी आलेला माणूस आयुष्यभर लक्षात ठेवतो ते गार रस्सा आणि तासभर उभं राहणं.

याउलट प्रत्येक मटण थाळीसोबत खिम्याची एक वाटी द्या. मेनूकार्डावर ती वाटी 120 रुपयांची आहे आणि तुम्हाला 40 रुपयांत पडते, असं धरा. गिऱ्हाइकाला 120 चं मिळालं, तुमचे 40 गेले, थाळीमागे 200 उरले. शिवाय थाळीचा भाव 400 हाच लोकांच्या मनात बसतो. सूट देऊन 320 मनात बसवला की ऑफर संपल्यावर 400 हा वाढवलेला भाव वाटायला लागतो. माझं मत विचाराल तर नव्या शाखेनं टक्क्यांच्या भानगडीत पडूच नये, एखादा पदार्थ वाढावा.

ऑफर शनिवार-रविवारी ठेवू नका. त्या दिवशी तुम्ही काही न देताही हॉटेल भरणार आहे. उघडलंय म्हणून बघायला येणारे येतातच. ऑफर लागते ती पुढच्या आठवड्यातल्या मंगळवार ते शुक्रवारच्या दुपारी. मंगळवारी, गुरुवारी बरेच जण सामिष खात नाहीत, तेव्हा शाकाहारी थाळीसोबतही एक वाटी ठेवा, भरल्या वांग्याची म्हणा. नाहीतर चौघांच्या टेबलावर तिघांना वाटी आणि एकाला काहीच नाही, असं होतं.

"पहिल्या 50 जणांना" टाळा. एक्कावन्नाव्याला तो एक्कावन्नावा आहे हे कुठून कळणार? तो कात्रजहून आलेला असतो. मोजणी कोण करतं, बुकिंगवाला आधी की रांगेतला, यावर गल्ल्यापाशी भांडण होतं. संख्येऐवजी वेळेची मर्यादा घाला आणि तेवढ्या वाट्या शिजवायची तयारी ठेवा. साठ खुर्च्या, नव्या पोरांच्या हातून पहिल्या आठवड्यात दुपारी फार तर दीड पंगत उठेल. म्हणजे नव्वद माणसं, नव्वद वाट्या. माल खरंच मर्यादित असेल तर तसं स्पष्ट लिहा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत जून 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत आमिष दाखवणाऱ्या जाहिरातींसाठी हे बंधन आहे.

त्याच तत्त्वांत आणखी एक गोष्ट आहे जी मराठी कॅप्शनमध्ये सर्रास मोडली जाते. दावा ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत हवा. वर रसाळ मराठीत ऑफर आणि तळाला बारीक इंग्रजीत अटी, हे चालत नाही. आणि "अटी लागू" हे मराठीत लिहिलं तरी त्यात अट कुठली ते कळत नाहीच. अट एका वाक्यात मावत असेल तर लिहून टाका: इथं बसून जेवणाऱ्यांसाठी, पार्सलवर नाही. मावत नसेल तर ऑफर फार गुंतागुंतीची झाली आहे, ती सोपी करा.

टेबलासाठी एकच दार ठेवा. फोनवर, व्हॉट्सॲपवर, इन्स्टाग्रामच्या मेसेजात आणि पोस्टखाली "2 जण रवि दुपार" असं लिहून, अशा चार वाटांनी बुकिंग घेतलं की एकच टेबल दोघांना जातं. वहीत कोणी काय लिहिलं ते कोणालाच सापडत नाही. एक व्हॉट्सॲप नंबर द्या. तो शाखेच्या नावानं घेतलेल्या वेगळ्या सिमचा असावा. मालकांचा खासगी नंबर एकदा कॅप्शनमध्ये गेला की दहा वर्षं परत घेता येत नाही. व्हॉट्सॲप बिझनेस वापरलं तर तयार उत्तरं साठवता येतात, आणि "किती जण? कुठला दिवस? किती वाजता?" हे दिवसातून शंभरदा टाइप करावं लागत नाही.

इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये टाकलेली लिंक दाबली जात नाही, नुसती अक्षरं दिसतात. लिंक प्रोफाइलवर ठेवा आणि कॅप्शनमध्ये नंबर लिहा. फेसबुकवर आणि व्हॉट्सॲपवर मात्र लिंक चालते. तिचं रूप असं, नंबराआधी देशाचा 91 आणि मध्ये शून्य किंवा अधिकचं चिन्ह नाही:

```
https://wa.me/9198XXXXXXXX
```

पोस्ट करण्याआधी ती दुसऱ्याच्या मोबाइलवरून दाबून बघा. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर कोण्या अनोळखी गृहस्थाला रात्री अकरापर्यंत मटण थाळीची बुकिंगं येत राहतात.

सगळी टेबलं बुकिंगला देऊ नका. पहिल्या आठवड्यात निम्म्या खुर्च्या बुकिंगला आणि निम्म्या ऐनवेळी येणाऱ्यांना ठेवणं बरं. दुपारच्या बुकिंगच्या वेळाही दोनच द्या, साडेबारा आणि दोन. सगळ्यांनी एक वाजताच मागितलं तर किचनवर तीस थाळ्या एकदम येऊन आदळतात. टेबल किती वेळ राखणार ते सांगा. पंधरा मिनिटं पुरेत. "मेसेज केला म्हणजे टेबल मिळालं" असा समज होतो, म्हणून "उत्तर आलं की पक्कं" हे लिहाच. मोठ्या कुटुंबाला फोन करायला सांगा, कारण बारा जणांत दोन म्हातारी माणसं आणि एक पाळणा असतो, ते मेसेजात येत नाही.

राजारामपुरीच्या गल्ल्यावरही नवा नंबर लिहून चिकटवा. लोक जुन्याच नंबरवर फोन करणार आणि तिथला मुलगा "हो, या की" म्हणून मोकळा होणार.

चित्रात काय आणि कॅप्शनमध्ये काय, हे वेगळं करा. कॅप्शन नंतर दुरुस्त करता येतं, पोस्ट केलेलं चित्र बदलता येत नाही. पण व्हॉट्सॲपवर फिरतं ते चित्रच, कॅप्शन मागे राहतं. म्हणून चित्रावर फक्त न बदलणाऱ्या गोष्टी टाका: नाव, कोथरूड, उघडण्याची तारीख, बुकिंगचा नंबर. ऑफर आणि वेळा कॅप्शनमध्ये. आणि फोटो तुमच्याच थाळीचा हवा. नेटवरून उचललेल्या फोटोत पांढऱ्या रश्श्याच्या जागी कसलंसं सूप दिसतं, ते कोल्हापूरकर लगेच ओळखतो.

हे सगळं धरून लिहिलेलं कॅप्शन असं होईल. हॉटेलचं आणि इमारतीचं नाव तुमचं तुम्ही घाला.

> कोथरूडला आलो. शुक्रवार, 23 ऑक्टोबर, दुपारी 12 पासून.
>
> राजारामपुरी, कोल्हापूरचं हॉटेल आहे तिथंच सुरू आहे. ही दुसरी शाखा. आचारी तिकडचेच, मसालाही तिकडूनच येतो.
>
> कुठे: पौड रस्ता, आयडियल कॉलनी मेट्रो स्टेशनपासून चालत तीन मिनिटं, तळमजला. दुचाकी आवारात लागते. चारचाकीची सोय नाही.
>
> कधी: दुपारी 12 ते 3.30 (शेवटची ऑर्डर 3 वाजता). संध्याकाळी 7 ते रात्री 10.45 (शेवटची ऑर्डर 10.15). सोमवारी बंद.
>
> आमच्याकडून: मंगळवार 27 ते शुक्रवार 30 ऑक्टोबर, फक्त दुपारी. प्रत्येक मटण थाळीसोबत खिम्याची वाटी, शाकाहारी थाळीसोबत भरल्या वांग्याची वाटी. इथं बसून जेवणाऱ्यांसाठी, पार्सलवर नाही.
>
> टेबल: 98XXXXXXXX वर व्हॉट्सॲप करा. नाव, किती जण, कुठला दिवस, दुपारी 12.30 की 2 की रात्री. उत्तर आलं की टेबल पक्कं, 15 मिनिटं राखू. आठपेक्षा जास्त असाल तर याच नंबरवर फोन करा. बुकिंग नसलं तरी या, निम्मी टेबलं तुमच्यासाठीच मोकळी ठेवली आहेत.

हॅशटॅग हवेतच तर तीन-चार पुरेत, गावाचा, भागाचा आणि पदार्थाचा. तळाला शब्दांचा ढीग लावला की बुकिंगचा नंबर त्यात बुडतो.

पोस्टखाली विचारलेल्या प्रश्नांवरून कॅप्शन सुधारा. "लहान मुलांची थाळी आहे का?" हे तिघांनी विचारलं की तिघांना उत्तर देऊन थांबू नका, ती ओळ कॅप्शनमध्येच घाला. "जैन मिळेल का?" हेही येणार. मिळत नसेल तर सरळ "नाही" लिहा. इथं भिडेखातर "बघू, करू" म्हटलं तर शनिवारी रात्री आचाऱ्याला कांदा-लसणाशिवायचा रस्सा शोधावा लागेल.

ऑफर संपली की ओळ काढा. 30 तारखेला दुपारचं किचन बंद झालं की कॅप्शन उघडून "आमच्याकडून" हा परिच्छेद पुसायचा, आणि व्हॉट्सॲप बिझनेसच्या तयार उत्तरातूनही तो काढायचा. दुसरी जागा हमखास विसरली जाते. पोस्ट प्रोफाइलवर वर टाचून ठेवलेली असेल तर रिकाम्या जागी दिवाळीच्या वेळा टाका: लक्ष्मीपूजनाला रात्री बंद, पाडव्याला फक्त दुपारी, असं जे काही ठरलं असेल ते, वार आणि तारखेसकट.